घरगुती कारण

राजीनाम्यात 'घरगुती कारणास्तव' लिहायची आपल्याकडे रीतच आहे. मीही तेच लिहिलं, पण माझ्या घरात तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग फॅक्टरीत. ऐन सीझनला बारा-बारा तास हापूसचा पल्प तपासायचा आणि पगारवाढीचं विचारलं की "सीझन संपू दे" हे ऐकायचं. सीझन संपला की साहेब म्हणायचे, "आता कसली वाढ, सीझन संपला!" मी पुणं गाठलं.

पुण्यात पगार वाढला, पण वाढ खोलीभाड्याने गिळली. त्याच फॅक्टरीत परत यायचं ठरलं, आणि साहेबांना विचारायचं कसं यावर झोप उडाली. वेळ तरी चुकवली नाही. ही विचारणा मोहोराला कणी धरली की, फेब्रुवारीत करावी. मे महिन्यात साहेबांना फोन उचलायला हात मोकळा नसतो, आणि पाऊस लागला की फॅक्टरीला असलेली माणसंही जड होतात.

मेसेजात 'कंपनीची फार आठवण येते' असं लिहिलं आणि पॅकिंगच्या काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कंपनीची कोणाला आठवण येते रे? खरं लिही, नाहीतरी सगळ्यांना ठाऊक आहे." मग लिहिलं: 'साहेब, मी सुट्टीविना रात्रपाळ्या आणि थांबलेली पगारवाढ यामुळे सोडून गेलो. रात्रपाळी आता चालेल. पगाराचं मात्र आधी बोलू.'

दुसऱ्या दिवशी बोलावणं. साहेबांनी जुनी फाईलच उघडून ठेवली होती.

"हे घरगुती कारण मिटलं का?"

"साहेब, ते कारण घरचं नव्हतंच."

"पल्पचा ब्रिक्स सोळाच्या खाली गेला की अख्खा लॉट अडवायचास. आणि स्वतःच्या कागदावर हे?"

यावर मी काय बोलणार! साखरेचा ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर राजीनाम्याला लावता येत नाही.

मग क्लार्कभाऊंनी माझा हिशोब मांडला. पीएफ मी काढला नव्हता, पुण्याच्या खात्यात वळवला होता, त्यामुळे जुनी नोकरी तिथे जमा; पीएफचा यूएएन नंबर तर तोच राहतो. फॉर्म 11 भरला की झालं. ग्रॅच्युइटीचं मात्र तसं नाही. तिला एकाच ठिकाणी सलग पाच वर्षं लागतात, आणि मी ती भरायच्या आतच उठलो होतो. मोजणी शून्यापासून.

"जुनी धरता येणार नाहीत का?"

"घरगुती कारणाने गेलास ना," भाऊ म्हणाले, आणि दोघंही मनसोक्त हसले.

शेवटी मी म्हटलं, वाढ कोणत्या महिन्यापासून ते नेमणूकपत्रात लिहून द्या. साहेबांच्या कपाळाला आठी. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, साहेब. सीझनवर नाही."

त्यांनी भाऊंकडे पाहिलं. "लिहा हो, एप्रिल. आणि याची सुट्टीही लिहून टाका, नाहीतर पुन्हा याच्या घरी काहीतरी होईल."