येत असलेल्या उत्तराचे गुण कसे घालवावेत

उत्तर येत नसताना गुण घालवणं कुणालाही जमतं. खरं कसब लागतं ते येत असताना घालवायला, आणि त्यासाठी ओएमआर शीटसारखी सोय दुसरी नाही.

समजा, पेपर १०० प्रश्नांचा आहे आणि ३७ वा प्रश्न अडला. ‘नंतर बघू’ म्हणत प्रश्नपत्रिकेत पुढे सरका. शीटवर मात्र सरकू नका. ३८ व्याचं उत्तर ३७ च्या ओळीत, ३९ व्याचं ३८ च्या ओळीत. फार कष्ट नाहीत. घाईत डोळे ओळीचा आकडा वाचतच नाहीत, पुढची रिकामी ओळ शोधतात. त्यांच्यावर विश्वास ठेवा.

आता हिशेब. ३८ ते १०० हे ६३ प्रश्न तुम्हाला अगदी बिनचूक येतात. पर्याय चार, म्हणजे शेजारच्या प्रश्नाचं उत्तर योगायोगाने तेच निघण्याची शक्यता चारात एक. साधारण १६ ओळी नशिबाने जुळतील, ४७ चुकतील. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ असेल, तर २५२ गुणांच्या अभ्यासाचे १७ गुण होतात. काहीही न वाचता आलेला उमेदवारही ठोकून देऊन साधारण एवढेच मिळवतो. तुम्ही निदान मेहनत करून मिळवलेत.

एक धोका सांभाळा. शीटवर नवा रकाना सुरू होतो तिथे ५१ छापलेलं असतं आणि तुमच्या हातात ५२ वा प्रश्न असतो. तिथे चुकूनही आकडे ताडून पाहू नका, नाहीतर नुकसान १४ ओळींवरच थांबेल. शेवटी १०० ची ओळ रिकामी उरेल तेव्हा कळेलच. मग पेनने भरलेल्या गोलांवर काट मारून शेजारचे भरा. मशीनला काट कळत नाही, एका ओळीत दोन काळे गोल कळतात, आणि ते उत्तर बाद होतं.

ओळी सरकवणं जमत नसेल, तर फिकट गोल आहेत. मशीन गोलाचा काळेपणा मोजतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरला, तर ओळ कोरी. म्हणून मधोमध टिंब द्या किंवा सुबक बरोबरची खूण करा. कागद पांढराच राहतो. पेन्सिल चालत असेल तर आणखी मजा: जुना गोल अर्धवट पुसा, नवा घाईत फिक्का भरा, म्हणजे दोन्ही सारखेच करडे दिसतील. (कोऱ्या ओळीला वजा गुण नसतात, त्यामुळे हा प्रकार थोडा मिळमिळीत आहे.)

पुढे आन्सर की आली की प्रश्नपत्रिकेवरच्या खुणांवरून गुण मोजा, घरी आकडा सांगून टाका. निकाल वेगळा लागला की फेरतपासणीला अर्ज करा. तिथे पाहतात ते एवढंच: कोणत्या ओळीत कोणता गोल काळा आहे. ‘सर, मला हे येत होतं’ यासाठी शीटवर रकाना नाही.