प्रतिक्रियेला उत्तर: ‘हजाराच्या वर’ म्हणजे हजार धरून की सोडून?

स्टोरीत, म्हणजे काय बनवायचं ते सांगणाऱ्या नोंदीत, एखादं वाक्य दोन अर्थांनी वाचता येत असेल तर टेस्टरने ती लिहिणाऱ्या प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे पीओला, उदाहरण आणि पर्याय देऊन मेसेज करावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया:

> «लेख वाचला, पण पटला नाही. पीओला एवढा मोठा मेसेज टाकायचा म्हणजे टेस्टरने आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं झालं. डेव्हलपरने काय केलंय ते बघा आणि त्याप्रमाणे टेस्ट करा, फार तर तीन मिनिटांचा कॉल करा. आमच्याकडे असंच चालतं. असल्या मेसेजना उत्तर द्यायला पीओला वेळ नसतो.»

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरं आहे. पण वेळ जातो कशात ते बघा. “SHOP-412 ची रिक्वायरमेंट क्लिअर नाही, प्लीज कन्फर्म” एवढाच मेसेज आला, तर पीओला स्टोरी उघडून पुन्हा वाचावी लागते. वाचल्यावर त्यांना ती क्लिअरच वाटते, कारण लिहिली त्यांनीच. मग उत्तर येतं, “स्टोरीत दिलंय ना?” मेसेज आखूडच होता, तरी काम झालं नाही.

आता डेव्हलपरकडे बघून टेस्ट करण्याचं. कूपनची स्टोरी घेऊ, कारण ती जवळपास प्रत्येक शॉपिंग ॲपमध्ये असते. स्टोरीत लिहिलंय: “1,000 रुपयांच्या वरच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट, जास्तीत जास्त 200 रुपये.” डेव्हलपरने त्याचा अर्थ असा लावला:

```
if (itemTotal > 1000) {
  discount = Math.min(itemTotal * 0.10, 200);
}
```

कोडमध्ये काहीच चूक नाही. पण या तीन ओळींत धंद्याचे दोन निर्णय होऊन गेलेत. 640 आणि 360 च्या दोन वस्तू घेतल्या तर बेरीज बरोबर 1,000 होते आणि सूट मिळत नाही. 960 च्या वस्तूवर 49 रुपये डिलिव्हरी लागली तर ग्राहकाला बिल 1,009 दिसतं, तरीही सूट नाही, कारण `itemTotal` मध्ये डिलिव्हरी धरलेलीच नाही. दोन्ही निर्णय कदाचित बरोबर असतील, पण ते घेतले कोणी? कोड बघून टेस्ट केस लिहिली तर ती पास होणारच. डेव्हलपरने जे लिहिलं तेच डेव्हलपरने लिहिलंय, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हे लवकर उघडकीलाही येत नाही. 500 आणि 1,500 ची ऑर्डर टाकून पाहिली तर सगळं हिरवं दिसतं. पूर्ण रुपयांत बोलायचं तर 999 ला दोन्ही अर्थांनी सूट नाही आणि 1,001 ला दोन्ही अर्थांनी आहे. फरक पडतो तो फक्त 1,000 वर. म्हणून सीमेवरचा आकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूचे आकडे घेऊन बघायचं असतं. त्यातही कार्टचा हिशेब ॲपमध्ये आणि पेमेंटचा सर्व्हरवर होत असेल आणि दोघांनी दोन अर्थ लावले असतील, तर ग्राहकाला कार्टमध्ये 900 दिसतात आणि पैसे भरताना 1,000. हा बग टाकला की दोघेही “माझं स्टोरीप्रमाणे आहे” म्हणतात, आणि दोघेही खरं बोलत असतात.

याच स्टोरीत याहून अवघड वाक्य खाली दडलेलं असतं: “वस्तू परत केल्यास सूट त्यानुसार ॲडजस्ट होईल.” ‘त्यानुसार’ म्हणजे कशानुसार? त्यावर जाणारा मेसेज असा:

> SHOP-412, कूपन. बुधवारी सकाळी टेस्टिंग सुरू होतंय, त्याआधी एक निर्णय हवा आहे.
>
> स्टोरीतलं वाक्य: “वस्तू परत केल्यास सूट त्यानुसार ॲडजस्ट होईल.”
>
> उदाहरण: 700 आणि 500 च्या दोन वस्तू, सूट 120, ग्राहकाने भरले 1,080. नंतर 500 ची वस्तू परत केली.
>
> क) सूट दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटलेली धरायची (70 आणि 50). परतावा 450.
> ख) उरलेली ऑर्डर 1,000 च्या खाली गेली म्हणून सूट पूर्ण रद्द. परतावा 380.
>
> डेव्हलपमेंट सध्या ‘क’ प्रमाणे झाली आहे. परताव्याच्या 6 टेस्ट केस यावर अडल्या आहेत, बाकीच्या 14 वेळेवर सुरू करतोय. मंगळवारी संध्याकाळी 5 पर्यंत फक्त ‘क’ किंवा ‘ख’ कळवलंत तरी पुरे. फायनान्सला विचारावं लागणार असेल तर तसं सांगा, या 6 केस शेवटी ठेवतो.

हे वाचायला मिनिट पुरतं आणि उत्तर एका अक्षरात देता येतं. एका ऑर्डरमागे 70 रुपयांचा फरक समोर आला की ‘त्यानुसार’ या शब्दावर वाद उरत नाही, आकड्यावर बोलणं होतं. अडलेल्या केसचा आकडा दिला की घाई किती करायची ते पीओ ठरवू शकतात. “टेस्टिंग ब्लॉक्ड” एवढंच लिहिलं तर ते सगळंच अडलंय असं समजतात.

तुमचा डेव्हलपरचा मुद्दा इथे कामाला येतो. त्यांना जरूर विचारा, पण ते उत्तर मेसेजमध्ये माहिती म्हणून जाऊ द्या, टेस्टचा अपेक्षित निकाल म्हणून नको. याचा एक तोटा आहे. ‘क’ प्रमाणे काम झालंय हे वाचून पीओ कधी कधी सोय म्हणून ‘क’ म्हणून मोकळे होतात. तरी ते लपवू नये, कारण ‘ख’ निवडलं तर पुन्हा कोड लिहावा लागेल हे त्यांना कळायलाच हवं.

पर्यायांना अक्षरं देण्यामागे अनुभवी टेस्टरचं एक दुखणं आहे. “सूट वाटून धरायची की रद्द करायची?” असं विचारलं की उत्तर येतं, “हो.” थेट ‘हो’ किंवा अंगठा येऊ शकेल असा प्रश्नच ठेवायचा नाही.

‘हजार धरून की सोडून’ हा प्रश्न वरच्या मेसेजमध्ये घातलेला नाही, तो मुद्दाम वेगळा पाठवायचा. त्याचं उत्तर पीओ चालता चालता देतात. परताव्याला मात्र फायनान्स लागू शकतं. दोन्ही एकत्र पाठवले की सोपा प्रश्न अवघडाच्या मागे दोन दिवस अडकतो.

कॉलला माझी हरकत नाही. तीन मिनिटांत सुटत असेल तर फोनच करा. पण फोन ठेवल्यावर त्याच स्टोरीवर कॉमेंट टाका: “आत्ताच्या बोलण्याप्रमाणे ‘ख’, परतावा 380. चुकीचं समजलो असेन तर आज सांगा.” आणि स्टोरीतलं मूळ वाक्यही पीओंकडून बदलून घ्या. चॅटमध्ये मिळालेलं उत्तर पुढच्या स्प्रिंटमध्ये आलेल्या टेस्टरला सापडत नाही. त्याच्यासमोर ‘त्यानुसार’ तसंच उभं असतं, आणि तोच प्रश्न पीओंना दुसऱ्यांदा येतो.

आणि मंगळवारी 5 वाजेपर्यंत उत्तर आलंच नाही तर? 14 केस चालवायच्या. त्या 6 केस चालवायच्याच असतील तर प्रत्येकीत “गृहीत: क, पीओंचं उत्तर बाकी” असं लिहायचं, आणि टेस्ट रिपोर्टमध्ये त्या पास झालेल्यांत मोजायच्या नाहीत, वेगळ्या दाखवायच्या. नंतर ‘ख’ असं उत्तर आलं तर त्यावर बग टाकायचा नाही. डेव्हलपरने चूक केलेली नसते, निर्णय उशिरा झालेला असतो. स्टोरीत बदल करून घ्यायचा, आणि या 6 केसचे अपेक्षित आकडे बदलून त्या पुन्हा चालवायच्या.