हलका आक्षेप निवडा म्हणे!

"नीतिशास्त्राचा पेपर : ५ हुकमी नियम. १) बाजू घेऊ नका. दोन्हीकडचे लिहा आणि सुवर्णमध्य सांगा. २) सुरुवात थोर विचारवंताच्या वचनानेच करा. ३) आक्षेप लिहायचाच असेल तर हलका निवडा. जड आक्षेप लिहिलात तर तुमचेच उत्तर पडते. ४) कच्चा आराखडा म्हणजे वेळेची नासाडी. पेपर हातात आला की पेन थांबता कामा नये. ५) शेवट सकारात्मक करा. सर्व विद्यार्थ्यांना पाठवा."

भाचीने हे मला पाठवले आणि खाली लिहिले, "मावशी, हे खरं असेल तर तू मला सहा महिने उलटंच शिकवलंस." तिला तत्त्वज्ञानाच्या पेपरात तीन तासांत चार निबंध लिहायचे आहेत, म्हणजे एकाला पंचेचाळीस मिनिटे. मी बरीच वर्षे याच विषयाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. हा निरोप माझ्याकडे याआधी दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला. आता घरातच पोचला म्हटल्यावर लिहिणे आले.

तिसऱ्या नियमापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात 'प्रधानमल्लनिबर्हण न्याय' वापरला आहे. आखाड्यातला मुख्य मल्ल चीत केला की बाकीच्यांशी वेगळे लढावे लागत नाही. सांख्यमताचे खंडन त्यांनी सविस्तर केले आणि तेवढ्याने परमाणुवादासारखी इतर मतेही निकालात निघाली असे म्हटले. ज्याला पंचेचाळीसच मिनिटे आहेत त्याला याहून सोयीचा न्याय कोणता? वेळ कमी म्हणूनच सगळ्यात तगडा आक्षेप घ्यायचा. एकच कुस्ती, पण खरी. गल्लीतल्या पोराला पाडून गदा मागायला गेलात तर पंच हसणारच.

तगडा आक्षेप म्हणजे काय, हे उदाहरणाशिवाय कळत नाही. भाचीबरोबर सोडवलेलाच प्रश्न घेते : मूत्रपिंडाच्या विक्रीवरची बंदी नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? भारतात १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अशी खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आहे. भाचीची भूमिका होती, बंदी योग्य. तिचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा होता. एखाद्या व्यवहाराला कायद्याने मान्यता द्यायची तर दोन्ही बाजूंना 'नाही' म्हणायची खरी मोकळीक हवी. कर्जात बुडालेल्या माणसाला ती नसते. आणि मूत्रपिंड विकणारे बहुतेक असेच असतात. तिसऱ्या पायरीला तिच्याकडे आधारही होता. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला विक्री केली होती.

इथवर छान. मग तिने निरोपातला नियम पाळून आक्षेप लिहिला : "काही जण म्हणतील की यामुळे गरिबाला पैसे मिळतात." आणि उत्तर : "परंतु पैशांपेक्षा आरोग्य महत्त्वाचे." झाले, संपले. हा आक्षेप तिच्या तीन पायऱ्यांपैकी एकीलाही शिवत नाही. परीक्षकाला दिसते ते एवढेच, की मुलीने स्वतःच्या युक्तिवादाचा नाजूक सांधा कधी शोधलाच नाही.

तो सांधा पहिल्या पायरीतून निष्कर्षावर उडी मारताना आहे. खरा विरोधक तिन्ही पायऱ्या मान्य करून म्हणेल : "कबूल, या माणसापुढे पर्याय फार थोडे आहेत. तुम्ही त्यातलाच एक काढून घेताय. कर्ज तसेच, सावकार तसाच, फक्त सुटायची एक वाट बंद. मोकळीक कमी आहे ही तुमची तक्रार असेल, तर आणखी कमी करणे हा त्यावर उपाय कसा?" हा मुख्य मल्ल. तो ओळखायची माझी खूण साधी आहे. आक्षेप वाचून ते मत खरोखर बाळगणारा माणूस "हो, मला हेच म्हणायचे होते" म्हणेल का? आणि युक्तिवादाच्या नेमक्या कुठल्या पायरीवर किंवा सांध्यावर तो बोट ठेवतो, हे सांगता येते का? दोन्हीला 'हो' आले नाही तर दुसरा आक्षेप शोधायचा.

आता उत्तर. भाची पहिल्यांदा धावली ती चेन्नईच्या आकड्यांकडेच. विक्रीनंतर त्या कुटुंबांचे सरासरी उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले होते आणि ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचे सांगितले होते. आकडे बोलके आहेत, पण विरोधक पडत नाही. तो म्हणतो, "हे नियंत्रण नसलेल्या बाजारातले हाल आहेत. रीतसर परवानगी द्या, पुढची तपासणी आणि औषधपाणी बांधून द्या, मग बोला." म्हणजे आकड्यांनी विक्रीचे वाईट परिणाम दाखवले, पण पर्याय काढून घेणे योग्य कसे, हा प्रश्न तसाच उभा राहिला.

त्याला पाडणारे उत्तर वेगळे आहे. विरोधकाने न सांगता एक गोष्ट गृहीत धरली आहे : एखाद्याला एक पर्याय जास्त दिला तरी त्याची बाकीची परिस्थिती जागच्या जागी राहते. ती राहत नाही. विक्री कायदेशीर झाली की सावकाराच्या हिशेबात मूत्रपिंड ही मालमत्ता होते, शेतासारखी नाहीतर मंगळसूत्रासारखी. "माझ्याकडे आता विकण्यासारखे काही उरले नाही" हे वाक्य कर्जदाराला आज बोलता येते, ते उद्या बोलता येणार नाही. ज्याला कधीच विकायचे नव्हते त्याच्यावरही दाब येतो. तामिळनाडूत काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी मूत्रपिंडाची विक्री रुळलेल्या भागांतल्या कर्जदारांवरच्या अशाच दाबाबद्दल लिहिले आहे. म्हणजे एक पर्याय देताना दुसरा हिरावला जातो. बंदी जपते तो हाच दुसरा पर्याय, 'नाही' म्हणायचा.

या उत्तराची किंमत आहे आणि ती उत्तरातच चुकवावी लागते. ज्याच्या मागे सावकार नाही, ज्याने शांतपणे विचार करून विकायचे ठरवले आहे, त्यालाही बंदी अडवते. मग भूमिका आक्रसते : जिथे मूत्रपिंड कर्जाचे तारण होऊ शकते तिथे बंदी योग्य. आक्रसली म्हणून गुण जात नाहीत. उलट, परीक्षकाला खात्री पटते की आक्षेप तुम्हाला खरोखर लागला. उत्तर म्हणून जुना युक्तिवादच पुन्हा लिहिला गेलाय का, हे पाहायचे असेल तर युक्तिवादाचा परिच्छेद हाताने झाका. उत्तरात एकही नवे वाक्य नसेल तर ते उत्तरच नव्हे.

आता चौथा नियम, कारण वरची आक्रसलेली भूमिका निबंधाच्या पहिल्या ओळीत यायला हवी. आक्षेप आणि उत्तर आधी ठरले नसतील तर ती तिथे येणार कुठून? न थांबणाऱ्या पेनाने पहिल्या पानावर "बंदी सर्वत्र योग्य" लिहिलेले असते आणि तिसऱ्या पानावर अपवाद. मग खाडाखोड, नाहीतर सरळ विसंगती. एवढे मात्र नाइलाजाने कबूल करते, की पंधरा मिनिटे आराखडा करत बसणारी मुलेही मी पाहिली आहेत आणि त्यांचा चौथा निबंध कोराच राहतो. तेव्हा सात मिनिटे, घड्याळ लावून. त्यात पाचच ओळी, त्याही उलट्या क्रमाने सुचल्या तरी चालतील : आक्षेप, त्यावरचे उत्तर, त्यातून उरलेली भूमिका, युक्तिवादाच्या पायऱ्या, एक उदाहरण. लिहिताना मात्र भूमिकेला चार मिनिटे, युक्तिवादाला बारा, आक्षेपाला आठ, उत्तराला दहा. उरलेली चार वाचून काढायला. भाचीचा हात मिनिटाला तेरा शब्दांच्या आसपास चालतो, म्हणजे चौतीस मिनिटांत साडेचारशेच्या आतबाहेर. तेवढ्यात दुसरा आक्षेप मावत नाही. मावतो असे वाटले तर पहिला नीट मांडलेला नाही.

पहिल्या नियमावर फार शब्द घालवायचे नाहीत. मूत्रपिंडाच्या प्रश्नात सुवर्णमध्य काय सांगाल, अर्धे विकायला परवानगी? मध्यम मार्गाची कल्पना ज्याच्या नावावर खपवतात त्या अ‍ॅरिस्टॉटलनेच स्पष्ट लिहिले आहे की चोरी, खून, व्यभिचार अशा गोष्टींना मध्य नसतो. हां, लोकसेवा आयोगाच्या नीतिशास्त्राच्या पेपरात प्रकरण देऊन संबंधितांचे हितसंबंध आणि उपलब्ध पर्याय विचारतात, तिथे सगळ्या बाजू मांडाव्याच लागतात. निरोपातली अर्धी गोष्ट खरी आहे ती तिथली. पण तिथेही शेवटी तुम्ही काय कराल हे विचारतातच, आणि "समतोल साधेन" म्हणजे काय करणार ते कुणालाच कळत नाही.

वचनाबद्दल एवढेच, की पाठ केलेले वचन निम्म्या वेळा भलत्याच माणसाच्या नावावर जाते. त्याच्या दोन ओळी वाचवल्या तर आक्षेप धडपणे मांडायला जागा मिळते.

राहिला सकारात्मक शेवट. "अशा प्रकारे मूल्याधिष्ठित समाज घडेल" हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल याचा हिशेब नाही, आणि त्याला एकदाही गुण दिलेला नाही. शेवटच्या ओळीत उरलेली भूमिका आणि तिची किंमत एवढे आले की पुरे. भाचीने परवा घड्याळ लावून हाच निबंध लिहिला तेव्हा अडतिसाव्या मिनिटाला ती आक्षेपाच्या मध्यावर होती. म्हणाली, "आता उत्तर राहणार." मी सांगितले, वाक्य तिथेच तोड, उदाहरण सोड आणि उत्तराचा फक्त कणा लिही : "विक्रीची मुभा मिळताच मूत्रपिंड तारण होते, म्हणून न विकण्याची मुभा जाते." वाचून काढायच्या चार मिनिटांतली दोन गेली, पण आक्षेप उघडा राहिला नाही.