65 वॉटचा प्रोसेसर 180 वॉट खातो तेव्हा

“65 वॉटचा प्रोसेसर म्हणजे जास्तीत जास्त 65 वॉट खाणार. बॉक्समधला कूलर भरपूर झाला, बाहेरचा घ्यायचाच असेल तर 95 वॉट लिहिलेला कुठलाही घ्या, बोर्ड सगळ्यात स्वस्त घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाका.”

पीसी बांधणाऱ्यांमध्ये असा एक मेसेज फिरतो. याच हिशोबाने माझ्या मावसभावाने डोंबिवलीत मशीन बांधलं, सामान लॅमिंग्टन रोडवरून एका फेरीत आणलं, इंटेलचा आय7-12700 प्रोसेसर, एच610चं स्वस्त मदरबोर्ड, कूलर बॉक्समधला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, एक्स्पोर्ट प्रोसेसरवरच होतो. मशीन चालू केल्यावर सगळं मस्त वाटलं आणि मे महिन्यात एक्स्पोर्ट रखडायला लागले. मी जाऊन बघितलं, त्यात बरेच रविवार गेले, म्हणून मेसेजमधली एकेक गोष्ट घेतो.

आधी तो 65चा आकडा. डब्यावरच्या या वॉटच्या आकड्याला टीडीपी म्हणायचे, इंटेलने बाराव्या पिढीपासून तो शब्दच बाजूला ठेवला आणि दोन वेगळे आकडे छापायला सुरुवात केली, बेस पॉवर आणि मॅक्झिमम टर्बो पॉवर. 12700चे आकडे आहेत 65 आणि 180. यातला 65 हा बेस क्लॉकचा आहे, म्हणजे मोठे कोर 2.1 गिगाहर्ट्झवर चालत असताना भारी कामात सरासरी किती वॉट लागतील त्याचा. पण बॉक्सवर बघून आपण भुलतो ते 4.9 गिगाहर्ट्झ, आणि सगळे कोर त्याच्या जवळपास पळवायचे तर 65 वॉटात ते होत नाही. इंटेलच्या स्वतःच्या हिशोबात या चिपने 180पर्यंत जायचं, मग साधारण 28 सेकंदांनी हळूहळू 65वर यायचं. बायोसमध्ये 180ची मर्यादा `PL2`, 65ची `PL1` आणि 28 सेकंदांची `Tau` अशी दिसते. गोची अशी की या मर्यादा काय ठेवायच्या ते बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि बरीच बोर्डं `PL1` सुद्धा 180 किंवा त्याहून वर ठेवून येतात, मग ते 28 सेकंद कधी संपतच नाहीत. भावाच्या बोर्डात तेच होतं. उलट कंपनीच्या तयार ऑफिस पीसीत `PL1` बहुतेक वेळा 65वरच बांधलेला असतो, तिथे मेसेज बराचसा खरा ठरतो, फक्त तिथे तुम्हाला वेगही तेवढाच मिळतो.

एएमडीचं गणित वेगळं. त्यांच्या डेस्कटॉप रायझनमध्ये सॉकेटला किती वॉट द्यायचे त्याची मर्यादा साधारण टीडीपीच्या 1.35 पट असते, म्हणजे 65चा 88 आणि 170चा 230. त्यामुळे ‘65 वॉट’ लिहिलेल्या दोन डब्यांत एक 88वर थांबतो आणि दुसरा 180वर जातो, नुसता आकडा बघून दोघांना एकच कूलर लावू नका.

आता कूलर. एक्स्पोर्ट सुरू केला आणि तापमान, पॉवर दाखवणारं HWiNFO हे सॉफ्टवेअर उघडून `CPU Package Power` बघत बसलो. आधी 170च्या वर गेलं, काही सेकंदांत कोर 100 डिग्रीला टेकले, आणि मग पॉवर खाली खाली येत 120च्या आसपास थांबली. 100 ही या चिपची वरची मर्यादा, तिथे ती जळत नाही, स्वतःचा वेग कमी करते, म्हणूनच लोकांना कळत नाही की काही बिघडलंय. आणि हे पंखा लावलेल्या पण एसी नसलेल्या खोलीत, जिथे मे महिन्यात दुपारी 34 डिग्री सहज असतं. कूलर खोलीच्या तापमानाच्या वर किती डिग्री ते ठरवतो, खोलीच्या खाली तो नेऊ शकत नाही. 24 डिग्रीच्या एसी खोलीत 85 दाखवणारं मशीन आपल्याकडे तेवढ्याच लोडवर 95 दाखवणार, यूट्यूबवरचे आकडे बघताना हे दहा मिळवूनच बघा.

कूलरच्या डब्यावरच्या 95 किंवा 150 वॉटला तर कसला सर्वमान्य नियमच नाही. खोली किती गरम होती, चिप किती डिग्रीला जाऊ दिली, पंख्याचा आवाज किती, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. नॉक्टुआ तर कूलरवर टीडीपी छापतच नाही, प्रोसेसरनुसार यादी देते, आणि मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आम्ही 120 मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर लावला. कोर 80च्या आत आले, मला वाटलं झालं काम. पण सहा-सात मिनिटांनी पॉवर अचानक 170वरून 90च्या खाली पडायची, थोड्या वेळाने वर यायची, परत पडायची, करवतीच्या दातांसारखा ग्राफ, आणि कोर मात्र थंड! HWiNFO मध्ये खाली `IA: VR Thermal Alert` समोर Yes आलं होतं. म्हणजे यावेळी ओरडत होतं बोर्ड.

बोर्डाचं नीट समजून घ्या, कारण मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. प्रोसेसरला 12 व्होल्ट थेट चालत नाहीत, सॉकेटशेजारचं व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, ते साधारण 1.2 व्होल्टवर आणतं. 65 वॉटला तिथून सुमारे 54 अँपिअर जातात आणि 180 वॉटला 150. करंट पावणेतीन पट झाला, पण रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे साडेसात पटीच्या वर. या बोर्डाच्या व्हीआरएममध्ये कोरसाठी करंट वाटून घेणारे पाच फेज होते, म्हणजे प्रत्येकावर 30 अँपिअर, आणि त्यातल्या तापणाऱ्या स्विचवर, म्हणजे मॉस्फेटवर, हीटसिंकचा एक तुकडाही नाही. त्यात बॉक्सचा कूलर हवा खाली बोर्डावर फेकायचा, तेवढा तरी वारा मॉस्फेटना लागत होता, टॉवरने तो आडवा मागे नेला. कूलर चांगला घेतला आणि बोर्ड जास्त तापलं, असं झालं ते.

उपाय फुकटातला होता. बायोसमध्ये जाऊन `PL1` आणि `PL2` दोन्ही 115 केले. अलर्ट बंद, ग्राफ सरळ. एका लग्नाचा जो एक्स्पोर्ट आधी 31 मिनिटं घ्यायचा तो 26वर आला, कमी वॉटात जास्त वेग, कारण वर-खाली धापा टाकणं थांबलं. पुढे त्याने व्हीआरएमवर हीटसिंक असलेलं बी660 बोर्ड घेतलं, 150 वॉट ठेवले, तेव्हा 24 मिनिटं. शेवटच्या 35 वॉटात फक्त दोन मिनिटं, कारण वरच्या क्लॉकला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वॉट वेगापेक्षा फार भराभर वाढतात. दोन मिनिटांसाठी बोर्ड बदलावं का हे ज्याच्या त्याच्या कामावर आहे, मी असतो तर 115वरच थांबलो असतो.

आणि मेसेज सगळ्यांसाठी खोटा आहे असंही नाही. आय5-12400वर पण 65च लिहिलंय, टर्बो पॉवर 117, पण त्यात सहाच कोर आहेत आणि क्लॉकही कमी, त्यामुळे नेहमीच्या कामात ते 117च्या बरंच खाली राहतं, त्याला बॉक्सचा कूलर आणि साधं एच610 चालून जातं. 12700वर सुद्धा नुसते गेम खेळणार असाल तर सगळे कोर एकदम पेटत नाहीत. अडचण येते ती दहा-वीस मिनिटं सलग सगळे कोर भरणाऱ्या कामात, एक्स्पोर्ट, रेंडर, मोठं कोड कंपाईल.

दुकानात जायच्या आधी इंटेलच्या साईटवर तुमच्या मॉडेलसमोर `Maximum Turbo Power` बघा, एएमडी असेल तर टीडीपीला 1.35ने गुणा, आणि बोर्डाच्या फोटोत सॉकेटच्या डावीकडे आणि वर हीटसिंक आहे का ते बघा. घरी मशीन आधीच असेल तर तुमचं रोजचं काम वीस मिनिटं चालवून HWiNFO उघडा. `IA: Thermal Event` Yes असेल तर कूलर कमी पडतोय, `IA: VR Thermal Alert` असेल तर बोर्ड, आणि फक्त `PL1` वाली ओळ Yes असेल तर तुम्ही ठरवलेली मर्यादा आपलं काम करतेय, तिथे काहीही बदलायची गरज नाही.