प्रश्न 7 चं उत्तर : (अ) की (आ)?

*"सर, विधान-कारणाच्या संचातला 7 वा प्रश्न पाहा. उत्तर तुम्ही (आ) दिलंय. मी वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात आम्ल हाताळलंय. पाणी हलकं असतं, म्हणून ते आम्लावर तरंगतं आणि वरच्यावर उकळून अंगावर उडतं. म्हणजे घनता हेच कारण झालं की! उत्तर (अ) हवं. पोरांना उगाच गुगली टाकू नका."*

साहेब, काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचली आणि सकाळी चहा घेता घेता तो प्रश्न पुन्हा समोर ठेवला. बाकीच्यांसाठी तो इथे देतो.

विधान : संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात ओतत नाहीत.
कारण : संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्यापेक्षा जास्त असते.

(अ) दोन्ही बरोबर, कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे
(आ) दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही
(इ) विधान बरोबर, कारण चूक
(ई) विधान चूक, कारण बरोबर

तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंय ते खरंच आहे. आम्लाची घनता 1.84, पाण्याची 1. वरून ओतलेलं पाणी खाली जात नाही, जिथे दोन्ही भिडतात तिथेच सगळी उष्णता साठते, पाणी 100 अंशांला उकळतं आणि उडताना आम्लाचे थेंब घेऊन उडतं. उलट, आम्ल पाण्यात सोडलं की ते बुडत बुडत मिसळतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. 90 मिली पाण्यात 10 मिली आम्ल हळूहळू सोडलं, तर तापमान साधारण 30 अंशांनी वाढतं. चंचुपात्र चांगलंच गरम लागतं, पण पाणी उसळत नाही.

तरी (अ) मला पटत नाही. ग्लिसरीनचं उदाहरण घ्या. त्याची घनता 1.26, म्हणजे तेही पाण्यापेक्षा जड. पण ग्लिसरीनवर पाणी ओतायला कोणी घाबरतं का? उष्णता काढून घेतली की नुसत्या घनतेवर हा नियम उभा राहत नाही. आता उलट करा. समजा, आम्ल आणि पाणी सारख्याच घनतेचे असते. तरीही भरपूर आम्लात पडलेल्या थोड्याशा पाण्याला सगळी उष्णता सोसावी लागली असती, कारण तापमान रोखून धरायला आम्ल फार उपयोगाचं नाही. त्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश. नियम थोडा सैल झाला असता, पण राहिला असता. थोडक्यात, धोका उष्णतेचा. घनता तो एका जागी गोळा करते.

पण हे सगळं दहावीच्या पोरानं दीड मिनिटात ओळखायचं? इथे चूक माझीच. (आ) उत्तराचं कारण लिहिताना मी एक साधी कसोटी लावतो: विधान आणि कारण यांच्यामध्ये "कारण" हा शब्द घालून वाचायचं. अर्थ जुळायला लागला तर प्रश्न सदोष. उदाहरणार्थ, "ग्लुकोजच्या जलीय द्रावणातून वीज वाहत नाही" आणि "ग्लुकोजच्या रेणूत हायड्रोजन असतो". मध्ये "कारण" बसत नाही. बसवायचंच तर वाक्यं उलटी करून "तरीही" बसतं. हायड्रोजन दिसला की आम्ल, असं घोकलेला मुलगा इथे अडखळतो आणि त्यानं अडखळावं म्हणूनच तो प्रश्न आहे. घनतेच्या प्रश्नात मात्र "कारण" अर्धंमुर्धं बसतं. तिथे (अ) लिहिणारा मुलगा घोकणारा नाही, विचार करणारा असू शकतो.

म्हणून विधान तेच ठेवून कारणं बदलली आहेत. "हे आम्ल पाण्यात मिसळताना खूप उष्णता बाहेर पडते" असं लिहिलं की उत्तर (अ). "या आम्लाच्या एका रेणूतून दोन हायड्रोजन आयन मिळू शकतात" हे खरं, पण ओतण्याच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही, म्हणून (आ). "मिसळताना उष्णता शोषली जाते" असं लिहिलं की (इ). (ई) हवं असेल तर पहिलंच कारण ठेवून विधानातला क्रम उलटा करायचा.

जाता जाता, गुगलीचं म्हणाल तर एक माझ्यावरही पडली आहे. "कोरडा HCl वायू कोरड्या लिटमसचा रंग बदलत नाही" हे विधान मी एकदा ऐन जुलैत वर्गात करून दाखवायला गेलो आणि निळा कागद डोळ्यांदेखत लाल झाला. मागच्या बाकावर हशा. वायू आधी कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीतून न्यायला हवा होता. हवेतली ओल पुरेशी होती. विधान बरोबरच होतं, वायू कोरडा नव्हता.

जुनी पीडीएफ ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांनी 7 वा प्रश्न खोडावा. त्यात (अ) लिहिणाऱ्यालाही गुण द्या आणि (आ) लिहिणाऱ्याचा कापू नका.