दहापैकी दहा मागावे का लागतात?

गाडीच्या सर्व्हिसिंगनंतर ग्राहक जे दहापैकी मार्क देतो त्यांच्यावर कर्मचाऱ्याचा इन्सेन्टिव्ह ठरवू नये, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "लेख एकतर्फी वाटला. पूर्वी गाडी सर्व्हिसिंगला टाकली की कुणी विचारत नव्हतं. ग्राहकाच्या मार्कांवर इन्सेन्टिव्ह ठेवल्यापासून निदान फोन तरी येतो. चांगलं काम करणाऱ्याला दहा मिळतातच, मागावे लागतात ते कामचुकारांना. मग तुमचं म्हणणं काय, ग्राहकाने बोलूच नये?"

नमस्कार. सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. फोनबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गाडी घरी गेल्यावर तीन-चार दिवसांनी "आवाज गेला का, बिल समजलं का" असं कुणीतरी विचारणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती बंद व्हावी असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण फोन करणं ही एक गोष्ट आणि त्या फोनवरच्या आकड्याला एका माणसाचा पगार बांधणं ही दुसरी. माझा सगळा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे. मी काही वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस विभागात काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने हे कसं चालतं ते सांगतो.

"चांगलं काम केलं की दहा मिळतातच" हे आधी आकड्यांवर तपासून पाहू. समजा, काउंटरवर गाडी घेणाऱ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला इन्सेन्टिव्हसाठी महिन्याची सरासरी ९.७ लागते. तो गाड्या शेकड्यांनी घेतो, पण सर्व्हेला उत्तर देणारे ग्राहक समजा वीसच निघाले. त्यातल्या दोघांनी पाच-पाच दिले, तर उरलेल्या अठरा जणांनी दहा देऊनही सरासरी ९.५ वर अडकते आणि त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. रागावलेल्या ग्राहकाचं सोडा, खूश असलेल्याचं बघा. आपल्याकडे दहापैकी आठ म्हणजे उत्तम काम. पण असा एक आठ भरून काढून ९.७ गाठायला सहा जणांचे दहा लागतात, आणि एक पाच भरून काढायला सोळा जणांचे. म्हणजे समाधानी ग्राहकाने सरळ मनाने दिलेला आठसुद्धा त्या मुलाच्या खिशातून पैसे काढतो. मग चांगलं काम करणाराही मागायला लागतो, कारण न मागता मिळणारे प्रामाणिक मार्क त्याला पुरत नाहीत.

त्यात हे मार्क नक्की कशाचे असतात तेही बघा. अ‍ॅडव्हायझर जॉब कार्ड बनवतो, एस्टिमेट देतो, गाडी परत करतो. बॉनेट उघडणारा टेक्निशियन वेगळा. पार्ट कंपनीकडून आला नाही म्हणून गाडी दोन दिवस अडकली, लेबरचे दर वाढले, धुताना सीटवर पाणी राहिलं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. ग्राहक मात्र सगळ्याचा मिळून एक आकडा देतो आणि तो त्याच्या नावावर पडतो. ज्या गोष्टी सुधारणं हातात नाही त्यांच्यासाठी पगार कापला जाणार असेल, तर माणूस जे हातात आहे तेच करणार, आणि त्याच्या हातात असतो फक्त समोर उभा असलेला ग्राहक.

आता डिलिव्हरीच्या वेळचा प्रसंग. किल्ली देताना अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, कंपनीतून फोन येईल, प्लीज दहा द्या. नऊ म्हणजे आम्हाला नापासच. आणि काही प्रॉब्लेम असेल तर मला सांगा, फोनवर नका सांगू." हे शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं. ब्रेक लावताना आवाज येतोय ही तक्रार ग्राहक त्याला तोंडी सांगतो, फोनवर दहा देतो, आणि कंपनीच्या नोंदीत ती तक्रार कधी उमटतच नाही. एका प्रकारच्या ब्रेक पॅडबद्दल पन्नास जणांनी असं तोंडी सांगितलं तरी वर सगळं उत्तमच दिसतं. ग्राहकाने बोलावं असं तुम्हालाही वाटतं आणि मलाही. या पद्धतीत त्याचं तोंड किल्ली देतानाच बंद केलं जातं.

आणि ग्राहक नाही म्हणू शकत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी त्याच माणसाच्या हातात द्यायची आहे हे त्याला माहीत असतं. काही ठिकाणी विनवणीवर भागत नाही. स्वतःच्या मोबाइलवरून पुन्हा पुन्हा फोन, "माझी नोकरी जाईल हो", लिंक उघडून समोरच भरून घेणं. एकट्या बाईला अनोळखी माणसाचे खासगी नंबरवरून असे फोन येणं किती त्रासाचं आहे ते वेगळं सांगायला नको. उलटही होतं. ग्राहकाला दहाची किंमत कळली की तो म्हणतो, "दहा हवेत ना? मग अलाइनमेंटचे पैसे कमी करा." त्या मुलाला ते कुठून तरी भरून काढावे लागतात.

आणखी एक युक्ती मोबाइल नंबरची. ग्राहक चिडलाय असं दिसलं की जॉब कार्डवर त्याचा मोबाइल नंबर बदलायचा, तिथे ड्रायव्हरचा किंवा ओळखीतल्या कुणाचा तरी टाकायचा. सर्व्हे चिडलेल्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. हे पकडणं अवघड नाही. एकच नंबर अनेक जॉब कार्डांवर दिसतो. सगळी उत्तरं गाडी बाहेर पडायच्या आधीच आलेली असतात. मार्कांत नुसते दहा असतात, अधूनमधून एखादा शून्य, पण सात-आठ जवळपास नसतातच. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे मार्क वाढत असताना त्याच बिघाडासाठी महिन्याभरात परत येणाऱ्या गाड्या, म्हणजे रिपीट जॉब, कमी होत नाहीत.

"तुम्ही आमची शिफारस कराल का" हा शून्य ते दहाचा प्रश्न आता सगळीकडे दिसतो. तो व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइशहेल्ड यांनी २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधून मांडला. त्यात नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात, सात-आठची भर पडत नाही. याच राइशहेल्ड यांनी २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं की काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांचा बोनस या आकड्याला जोडणं हा त्याचा गैरवापर आहे, कारण मग ते ग्राहकाकडून शिकायचं सोडून आकड्याची काळजी करू लागतात.

मग मला काय हवंय? फोन चालू राहावा, पण तो डीलरच्या माणसाने न करता बाहेरच्याने करावा. आलेली तक्रार वर्कशॉप मॅनेजरने स्वतः ग्राहकाला फोन करून सोडवावी. मार्क पूर्ण वर्कशॉपचे म्हणून बघावेत, एकेका माणसाच्या पगाराला लावू नयेत. पैसे जोडायचेच असतील तर रिपीट जॉबला जोडा, किंवा एस्टिमेट आणि अंतिम बिल यांच्यातल्या फरकाला. यातही पळवाटा आहेत. रिपीट जॉब नवीन तक्रार म्हणून नोंदवता येतो, आणि एस्टिमेट मुद्दाम फुगवता येतं. पण ती फसवणूक कागदावर राहते, तपासता येते, आणि तिच्यासाठी ग्राहकापुढे हात जोडावे लागत नाहीत.

तुमच्याकडूनही एक मदत होईल. पुढच्या वेळी जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावरचा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना ते बघा. आणि सर्व्हेत लिहायला जागा असेल तर "इथे दहा मागितले जातात" एवढं लिहा. त्या मुलाचं नाव मात्र घालू नका, नाहीतर मागायला लावणारे सुटतील आणि पगार त्याचाच कापला जाईल.