युरेनस आडवा आहे, पण फॉरवर्डमधल्यासारखा नाही

"युरेनसला एक ग्रह धडकला आणि तो आडवा पडला, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तेव्हापासून तो चेंडूसारखा गडगडत सूर्याभोवती फिरतो. तिथे ४२ वर्षं दिवस, ४२ वर्षं रात्र. उन्हाळा तर भुसावळपेक्षा भयंकर!"

आधी गडगडणं. अक्ष सुमारे ९८ अंशांनी कललाय हे खरं, पण तो आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ जवळून गेलं तेव्हा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला, आणि २०३० च्या सुमारास उत्तर ध्रुव सूर्यासमोर येईल. गडगडत असता, तर एकच ध्रुव कायम सूर्यासमोर राहिला असता.

४२ वर्षांचा दिवस फक्त ध्रुवांवर. जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी इथे सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. युरेनसवर याच अक्षांशाचा हिशेब मांडला, तर वसंतसंपातानंतर साधारण ५ वर्षांनी सूर्य माथ्यावर येतो. तेव्हा सव्वासतरा तासांत एक दिवस-रात्र उरकते. मग सूर्य ध्रुवाकडे सरकत जातो, रात्री आखूड होत जातात, आणि भर उन्हाळ्यात जवळपास ९ वर्षं तो मावळतच नाही. उतरताना पुन्हा एकदा माथ्यावर येतो. हिवाळ्यात तितकीच वर्षं अंधार.

उन्हाळा मात्र नावापुरताच. तिथे पोचणारं ऊन आपल्या उन्हाच्या ३७० व्या हिश्श्याइतकं. वातावरण तापायला आणि निवायला इतका वेळ घेतं की, वर्षानुवर्षं उन्हात असलेला ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानात व्हॉयेजरला फारसा फरक दिसला नाही. ढगांच्या वरच्या थरांत तर उणे २२४ अंशांपर्यंत गारठा आहे. भुसावळकरांनी निश्चिंत राहावं.

राहिली धडक. कल्पना जुनी आहे आणि दमदारही. २०१८ च्या संगणकीय प्रतिरूपांत पृथ्वीच्या किमान दुप्पट वस्तुमानाचा गोळा आदळवला, तर ग्रह असा फिरू शकतो असं दिसलं. पण ‘होऊ शकतं’ म्हणजे ‘झालं’ नव्हे. खरी अडचण चंद्रांची आहे. मुख्य चंद्र आणि कडी कललेल्या विषुववृत्ताच्या पातळीतच, ग्रहाच्याच दिशेनं फिरतात. ग्रह सरळ उभा असताना एकाच दणक्यात आडवा झाला असता, तर हे चंद्र उलट दिशेनं फिरताना दिसले असते, असं २०१२ च्या एका अभ्यासात निघालं. म्हणून त्या संशोधकांनी किमान दोन धडका मानल्या.

२०२२ मध्ये तर धडकेशिवायचाही एक मार्ग सुचवला गेला: आपल्या चंद्राच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा एखादा उपग्रह हळूहळू दूर सरकत गेला, त्यानं अक्ष ओढत ओढत कलवला, आणि शेवटी तो ग्रहातच कोसळला. तो उपग्रह आज शिल्लक नाही, त्यामुळे हेही सिद्ध झालेलं नाही.